पावसाआधी गव्हाण मोजा: 60 बाय 30 च्या तबेल्यात म्हशी किती?

मृगाला थोडेच दिवस उरले की मुंबईतल्या तबेल्यांत पत्रे बदलणं, नाल्या उपसणं, प्लॅस्टिक ताणणं ही कामं सुरू होतात. यंदा या कामांच्या आधी एक काम करा. मोजपट्टी घेऊन तबेल्यात जा आणि गव्हाण मोजा. उन्हाळ्यात बाहेरचं आवार धरून जेवढ्या म्हशी सामावतात, तेवढ्या पावसात सामावत नाहीत. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत उघड्या आवारात चिखल असतो. म्हणजे चार महिने सगळी जनावरं छपराखालीच काढायची आहेत.

गेल्या वर्षी मे महिन्यात गोरेगावच्या बाजूला मी एक तबेला मोजला होता. त्याच्याच आकड्यांवर हिशोब सांगतो, कारण मुंबईत याच मापाचे तबेले बरेच दिसतात. लांबी 60 फूट, रुंदी 30 फूट, दोन रांगा, म्हशींच्या शेपट्या मधल्या वाटेकडे. एका रांगेत 17 म्हणजे एकूण 34 म्हशी, सगळ्या मुऱ्हा आणि मेहसाणा. मालक मला म्हणाले, "काका, मी पुस्तकातला हिशोब करूनच बांधल्यात. पुस्तकात तर 41 बसतात."

त्यांचा हिशोब चुकला नव्हता. म्हशीला छपराखाली 4 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 43 चौरस फूट जागा लागते असं शिफारशीत लिहिलेलं असतं. 1800 भागिले 43 केलं की 41 येतात. गव्हाणीसाठी दर म्हशीमागे 60 ते 75 सेंटिमीटर, म्हणजे दोन ते अडीच फूट लिहिलेलं असतं. या तबेल्यात दोन्ही टोकांना येण्याजाण्यासाठी चार-चार फूट सोडले की एका रांगेची गव्हाण 52 फूट राहते, दोन्ही मिळून 104 फूट. त्याला अडीचने भागलं तरी 41 च येतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की माणसाची खात्री पटते. चूक नेमकी इथेच होते.

हे दोन्ही आकडे मोकळ्या गोठ्याचे आहेत. मोकळ्या गोठ्यात म्हैस गव्हाणीशी येते, खाते आणि बाजूला जाऊन बसते. शिवाय छपराच्या 4 चौरस मीटरला जोडून बाहेर आणखी 8 चौरस मीटर उघडी जागा त्याच शिफारशीत धरलेली असते. गव्हाणीवर तिला फक्त उभं राहून मान घालायची असते, म्हणून अडीच फूट पुरतात. आपल्या तबेल्यात म्हैस दाव्याला असते. ती जिथे खाते तिथेच बसते, तिथेच रवंथ करते, तिथेच धार देते. तिच्यासाठी गव्हाणीची लांबी म्हणजे तिच्या अंथरुणाची रुंदी. बसलेली म्हैस अडीच फुटांत मावत नाही.

बांधलेल्या म्हशीला किती रुंदी लागते, हे तिच्याच अंगावर मोजता येतं. मागून उभं राहून कमरेच्या दोन खुब्यांच्या हाडांमधलं अंतर मोजा आणि त्याची दुप्पट करा. चांगल्या वाढीच्या मुऱ्हा म्हशीत हे अंतर दोन फुटांच्या आसपास भरतं, म्हणजे तिला चार फूट हवेत. जाफराबादी असेल तर वीतभर जास्त द्या. गाईंना साडेतीन फूट चालतात. म्हशींच्या बाबतीत मी चार फुटांखाली यायला सांगत नाही, त्यातही पावसाळ्यात तर नाहीच.

आता त्याच तबेल्याचा हिशोब पुन्हा करू. आधी रुंदी पाहू. भिंतीलगत वैरण टाकण्याची वाट 3 फूट, गव्हाण अडीच फूट, म्हशीची उभं राहण्याची जागा साडेपाच फूट, शेणामुताची नाली 1 फूट. हे एका बाजूचे 12 फूट झाले. दोन्ही बाजूंचे 24 आणि मधली वाट 6, मिळून बरोबर 30. रुंदीत काही सुटत नाही, काही उरतही नाही. लांबीत एका रांगेला 52 फूट गव्हाण आहे, दर म्हशीला 4 फूट धरले की 13 म्हशी होतात. दोन रांगांत 26. मालकांच्या 34 म्हशींना प्रत्येकी तीन फूट आणि वर जेमतेम पाऊण इंच मिळत होता. 1800 चौरस फुटांचा आकडा मोठा वाटतो खरा, पण त्यातल्या वाटांवर, नालीवर आणि गव्हाणीवर म्हैस बसू शकत नाही.

तीन फुटांत नेमकं काय होतं ते पाहायचं असेल तर रात्री जा. त्या मालकांना मी हेच सांगितलं आणि आम्ही दोघे रात्री साडेबाराला बॅटरी घेऊन गेलो. संध्याकाळची वैरण खाऊन तास दोन तास झाले की बहुतेक म्हशी बसून रवंथ करताना दिसायला हव्यात. तिथे 34 पैकी 15 बसल्या होत्या. बाकीच्या उभ्या होत्या, काही पाय बदलत होत्या. एक पहिलारू दोन थोराड म्हशींच्या मध्ये इतकी अडकली होती की तिला मान वळवायलाही जागा नव्हती. तिच्या डाव्या बाजूची म्हैस बसताना तिच्याच पायांवर टेकली. ती दचकून मागे सरकली आणि तिचे मागचे दोन्ही पाय नालीत गेले. नालीत तेव्हा शेण आणि पाणी होतं. मालक काही न बोलता तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

बसायला जागा नसली की पुढचे त्रास ओळीने येतात. म्हैस उठताना आधी मागचं अंग उचलते आणि शेजारीण चिकटून असेल तर तिचा खूर बाजूच्या बसलेल्या म्हशीच्या सडावर पडतो. चेंगरलेलं सड आणि ओली जमीन एकत्र आली की कासदाह व्हायला वेळ लागत नाही. तासन्‌तास ओल्यात उभं राहून खुरं मऊ पडतात. गव्हाणीवर दांडग्या म्हशी शेजारच्या वाट्यात तोंड घालतात, आंबोण आधी त्यांच्याच पोटात जातं. म्हणून दूध कमी झालं की लगेच पेंड वाढवू नका. आधी बघा की कोणाच्या पुढ्यात वैरण उरते आणि कोणाच्या पुढ्यात गव्हाण चाटून पुसलेली असते. दिवसा एकच खूण बघायची असेल तर मांड्या बघा. शेणाने लडबडलेली मांडी बाहेरच्या बाजूने दिसली तर शेजारीण जवळ आहे. मागच्या बाजूने दिसली तर उभं राहण्याची जागा लांबीला चुकली आहे.

लांबीबद्दल थोडं सांगतो. साडेपाच फूट हे गव्हाणीच्या आतल्या कडेपासून नालीच्या काठापर्यंतचं माप आहे. ते जास्त झालं तर शेण जागेवरच पडतं आणि म्हैस त्यात बसते. कमी झालं तर मागचे पाय नालीत राहतात. आपली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान म्हैस उभी करून बघा. फरक फार असेल तर लहान चणीच्या म्हशी एका रांगेत घ्या आणि त्या रांगेचं दावं थोडं लांब-आखूड करा. या साडेपाच फुटांत नालीकडे सव्वा ते दीड इंच उतार पुरतो. त्याहून जास्त दिला तर गाभण म्हशीचा सगळा भार मागे येतो.

गव्हाणीची म्हशीकडची भिंत उंच बांधू नका. बसलेली म्हैस उठताना डोकं पुढे झोकून देते, त्या झोकाला जागा लागते. भिंत फूटभराच्या आत ठेवा, तळ म्हशीच्या पायांपेक्षा दोन-तीन इंच वर घ्या आणि कोपरे गोल करा. कोपरे चौकोनी राहिले तर पावसाळ्यात ओली कुट्टी तिथे अडकते, दुसऱ्या दिवशी आंबते आणि म्हशी त्या वासाने वरची ताजी वैरणही सोडतात.

26 चा आकडाही पूर्ण खरा नाही, कारण पावसाळ्यात काही म्हशी विणार असतात. व्यायला आलेल्या म्हशीला दाव्यावर ठेवू नका. तिला सुटं राहायला 12 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 129 चौरस फूट लागतात. या तबेल्यात आम्ही एका रांगेच्या टोकाच्या तीन जागा त्यासाठी काढल्या. लांबी 12 फूट, रुंदी वाट, गव्हाण आणि उभी जागा मिळून 11 फूट, म्हणजे 132 चौरस फूट. तिथली गव्हाण तोडून कोपऱ्यात एक टोपलं ठेवलं आणि दार मधल्या वाटेला केलं. वैरणीची वाट त्या टोकाला बंद झाली, पण गाडी दुसऱ्या टोकाने येते, म्हणून अडलं नाही. बांधायच्या जागा राहिल्या 23.

म्हणजे 11 म्हशींचा प्रश्न उरला. पाच भाकड होत्या, त्या पालघरकडे नातेवाइकांच्या गोठ्यावर पाठवल्या. दोन म्हशी व्यायला टेकल्या होत्या, त्या पाळीपाळीने सुट्या खणात जाणार होत्या, पण तोवर त्यांना जागा हवीच होती. दोन म्हाताऱ्या म्हशी मालकांनी विकायचं ठरवलं. तरीही चार जास्त होत्या. त्यांच्यासाठी बाहेरच्या भिंतीला टेकून पत्र्याची पडवी काढली, तीही चार-चार फुटांची आणि पूर्वेच्या बाजूला. पश्चिमेला काढली असती तर वाऱ्यासोबत येणाऱ्या सरींनी निम्मी पडवी भिजली असती. जी जागा भिजते ती मोजायची नाही. पत्रा भिंतीच्या पुढे पाऊणएक मीटर आलेला असला तरच आतली कड कोरडी राहते.

रेडकांचा हिशोब वेगळा करा, त्यांना मोठ्यांच्या पायांत ठेवू नका. तीन महिन्यांच्या आतल्या रेडकाला छपराखाली एक चौरस मीटर पुरतो, मोठ्याला दोन लागतात.

पाऊस आत येऊ नये म्हणून चारही बाजूंनी प्लॅस्टिक बांधू नका. वरचा दोन-तीन फुटांचा पट्टा उघडा ठेवा. पहाटे तबेल्यात शिरताना तुमचे डोळे चुरचुरले तर म्हशी रात्रभर त्याच हवेत होत्या असं समजा. वैरणीच्या वाटेत पेंडीची पोती रचण्याचीही सवय मोडा. भिंतीची ओल पोत्यांत उतरते, सरकी पेंडीला बुरशी येते आणि तीन फुटांची वाट दीड फुटाची झाली की गडी घमेलं घेऊन आत जातच नाही. जवळच्या चार म्हशींपुढे वैरण ओतून मोकळा होतो.

काम सुरू करताना गव्हाणीच्या कडेवर चुन्याने दर चार फुटांवर रेघ मारा आणि दाव्याची कडी दोन रेघांच्या मधोमध बसवा. जुन्या कड्या तीन फुटांवर तशाच ठेवल्या तर महिन्याभरात कोणीतरी तिथे नवीन म्हैस आणून बांधतं. त्या तबेल्यातल्या जादा कड्या आम्ही त्याच दिवशी कापून काढल्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांचा रात्री फोन आला, बॅटरी घेऊन स्वतःच गेले होते. आतल्या 23 पैकी 19 बसल्या होत्या. पहिलारू भिंतीकडच्या शेवटच्या जागेवर पाय पसरून रवंथ करत होती.