सेलमधली रेघ मारलेली किंमत खरी धरू नका: दर दसऱ्याला दिसणाऱ्या त्याच त्या चुका

दरवर्षी नवरात्र जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर ऑनलाइन सेलचे स्क्रीनशॉट यायला लागतात, "बघ ६२ टक्के ऑफ, घेऊन टाकू का?" आणि मी दरवर्षी तेच विचारते, ६२ टक्के कशावर? त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं. सगळ्यात मोठी चूक हीच आहे.

रेघ मारलेल्या आकड्याला मूळ किंमत समजणं

पानावर रेघ मारून दाखवतात ती बहुतेक वेळा एमआरपी असते. एमआरपी म्हणजे सगळे टॅक्स धरून जास्तीत जास्त किती घेता येतील तो आकडा, आणि तो कंपनीच छापते, बाहेरचा माल असेल तर आयात करणारा छापतो. त्याच्यापेक्षा जास्तीला विकलं तर गुन्हा आहे, पण मुळात एमआरपी किती छापावी याला मिक्सर, टीव्ही, हेडफोन असल्या वस्तूंमध्ये काही वरची मर्यादा नाही. म्हणजे तीन हजाराला विकायच्या वस्तूवर नऊ हजार छापले तरी चालतं, आणि मग वर्षभर ती वस्तू "सहासष्ट टक्के ऑफ" राहते.

आमच्या इंदूरला महाराणी रोडवर किंवा जेल रोडवर कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो एमआरपीचं नावसुद्धा घेत नाही. तिथे शब्द चालतो एमओपी, म्हणजे बाजारात ती वस्तू प्रत्यक्षात ज्या भावाला विकली जाते तो भाव. तुमची सूट या एमओपीवर मोजायची. मी सरळ दोन दुकानांत फोन करते, पूर्ण मॉडेल नंबर सांगते आणि विचारते, "भैया, इसका एमओपी क्या चल रहा है?" दोन मिनिटांचं काम आहे, पण लोकांना तेवढाही दम नसतो, टायमर दिसला की बोट खाली.

आता आत्याच्या मिक्सरचं सांगते. आत्या रामबागेत राहते, तिचा जुना मिक्सर दिवाळीच्या फराळाच्या तोंडावर बसला. माझ्या आतेभावाने पहिल्याच रात्री ऑर्डर टाकली: ७५० वॅट, तीन भांडी, रेघ मारलेली किंमत ८,९९५, सेलची किंमत ३,३९९, बाजूला हिरव्या अक्षरांत ६२ टक्के. आत्याने मला फोन केला, "अगं साडेपाच हजार वाचले!" मी त्या मॉडेलचा किंमतीचा ग्राफ काढला. जूनपासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत रेघ जवळजवळ सरळ, ३,१४९. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती ३,८९९ वर चढली, तिथेच बसून राहिली, आणि सेलच्या दिवशी ३,३९९ वर उतरली. म्हणजे वाचले काहीच नाहीत, उलट अडीचशे रुपये जास्त गेले.

बॉक्स आला तेव्हा मी स्वतः तिच्याकडे गेले आणि उघडायच्या आधी खालचा स्टिकर वाचला. त्यावर एमआरपी होती ५,४९५! पानावर ८,९९५ आणि बॉक्सवर ५,४९५. इथे मात्र गोष्ट वेगळी होते, कारण ऑनलाइन विकणाऱ्याला पानावर खरी एमआरपी दाखवायलाच लागते, बॉक्सवर नाही तो आकडा दाखवून सूट फुगवणं म्हणजे ग्राहकाची दिशाभूल आहे. पानाचा स्क्रीनशॉट, स्टिकरचा फोटो आणि बिल, तिन्ही जोडून मी आधी विक्रेत्याकडे तक्रार टाकली. "एमआरपी बदलत असते" असं उत्तर आलं. मग १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा नंबर विक्रेत्याला कळवला, आणि नंतर रिटर्न घेऊन पूर्ण पैसे परत आले. पानाचा स्क्रीनशॉट ऑर्डरच्या दिवशीच घेतला होता म्हणून हे जमलं, नंतर बघितलं तर पानावरचा आकडा गुपचूप बदललेला होता. तेव्हा ऑर्डर टाकायच्या आधी स्क्रीनशॉट आणि उघडायच्या आधी स्टिकरचा फोटो, ही माझी सवय आहे आणि घरात सगळ्यांना मी ती लावली आहे.

ग्राफ बघतात, पण चुकीचा बघतात

किंमतीचा इतिहास दाखवणाऱ्या साइट्स आहेत, Keepa किंवा Buyhatke सारख्या, वस्तूची लिंक टाकली की ग्राफ निघतो. आता बरेच जण तो काढतात, पण त्यातला सगळ्यात खालचा आकडा बघून "अजून उतरेल" म्हणत बसतात, नाहीतर सगळ्यात वरचा बघून खूश होतात. दोन्ही निरुपयोगी. तीन ते सहा महिन्यांत किंमत जास्तीत जास्त दिवस कुठे टिकली ते बघा, तोच त्या वस्तूचा खरा भाव, सेलचा भाव त्याच्याशी ताडायचा.

आणि प्रत्येक उंचवटा म्हणजे लबाडी असंही नाही. मुख्य विक्रेत्याचा माल संपला की दुसरा कोणीतरी महाग लावून बसतो आणि ग्राफ दोन दिवस टोकदार वर जातो, ते वेगळं. सेलच्या दोन-तीन आठवडे आधी किंमत पायरीसारखी चढून तिथेच थांबली आणि सेलच्या दिवशी उतरली, तर संशय घ्या. कूपन आणि बँकेची सूट ग्राफमध्ये बहुधा धरलेली नसते, ती हाताने वजा करा.

टीव्ही किंवा एसी बघत असाल आणि ग्राफ मागे २२ सप्टेंबर २०२५ च्या पलीकडे जात असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. त्या दिवशी एसीवर आणि ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे १२८ ची वस्तू नुसत्या टॅक्समुळे ११८ ला यायला हवी, साधारण पावणेआठ टक्के. तेवढी उतरण विक्रेत्याची सूट म्हणून मोजू नका.

ज्या मॉडेलला ग्राफच नाही, ते खास सेलसाठी काढलेलं असू शकतं, नंबरात एखादं अक्षर वेगळं आणि आत रॅम किंवा पोर्ट कमी. तिथे टक्के विसरा, कंपनीच्या साइटवर दोन्ही मॉडेल शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा.

बाकीच्या, थोडक्यात

"फक्त २ शिल्लक" आणि उलटा चालणारा टायमर बघून घाई करणं. खोटी घाई लावणं २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या नियमांत मना आहे, तरी दिसते, पान बंद करून तासाभराने परत बघा.

बँकेची १० टक्के सूट पूर्ण धरणं. तिला वरची मर्यादा असते आणि कमीत कमी खरेदीची अट असते, ती बारीक अक्षरांत असते.

नो कॉस्ट ईएमआयला फुकट समजणं. व्याजाइतकी सूट देतात खरी, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बऱ्याचदा बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच खात्यातून जाते.

आत्याने शेवटी महाराणी रोडवरून तोच मिक्सर ३,२०० ला आणला, दुकानदाराने तिच्यासमोर डाळ वाटून दाखवली आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून दिला. चकलीची भाजणी त्यावरच झाली.