विमानावर पडलेली वीज: हँगरमधल्या या चुका टाळा

पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडांना लावलेल्या बारीक काड्या, म्हणजे स्टॅटिक विक, वीज खेचून घेतात असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी मुलगा प्रत्येक बॅचमध्ये असतोच. त्याला तसं कुणी ना कुणी सीनियरने शिकवलेलं असतं, हे जास्त वाईट.

स्टॅटिक विकचं काम वेगळं आहे. ढगातून, पावसातून, बर्फाच्या कणांतून जाताना विमानावर स्थिर भार साचतो आणि रेडिओवर खरखर सुरू होते. तो भार हळूहळू हवेत सोडायचा, एवढंच या काडीचं काम. तिचा रोध मेगाओहमच्या घरात आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये. विमानाची विजेसाठी चाचणी होते ती 2,00,000 अँपिअरच्या शिखर प्रवाहाची. त्यापुढे काडी जळून उडते. वीज पडल्यावर विक गायब दिसली, तर 'तिने वीज घेतली' असं म्हणू नका. त्या कडेवरून वीज आत शिरली किंवा बाहेर पडली, इतकाच त्याचा अर्थ.

हा गैरसमज जुना आहे. 8 डिसेंबर 1963 रोजी पॅन अ‍ॅमचं बोईंग 707, फ्लाइट 214, अमेरिकेत मेरीलँडमधल्या एल्कटनजवळ फिलाडेल्फियात उतरण्याची वाट पाहत घिरट्या घालत होतं. वीज पडली, डाव्या पंखाच्या टोकाकडच्या राखीव टाकीतल्या इंधनाच्या वाफेने पेट घेतला आणि 81 जण गेले. काही दिवसांतच, ज्या बोईंग जेटना स्टॅटिक विक नव्हत्या त्यांना त्या बसवण्याचा सरकारी आदेश निघाला. प्रश्न टाकीतल्या पेटणाऱ्या वाफेचा होता आणि पहिला उपाय निघाला तो काड्यांचा. वीज पडली तरी इंधनाने पेट घेऊ नये अशीच इंधनव्यवस्थेची रचना हवी, हा नियम पुढे 1967 मध्ये आला.

मग वीज जाते कुठून? विमानाच्या एका टोकातून शिरते, बाहेरच्या पत्र्यावरून धावते आणि दुसऱ्या टोकातून निघून जाते. इतक्या झपाट्याने बदलणारा प्रवाह धातूत खोल शिरत नाही. 10 किलोहर्ट्झलाही अ‍ॅल्युमिनियममध्ये तो जेमतेम 0.8 मिलिमीटर आत जातो. म्हणून आतला प्रवासी सुखरूप राहतो. सलग पत्र्याला फारसं काही होत नाही, नुकसान होतं ते सांध्यांवर: बिजागऱ्या, फासनर, झाकणं, आणि पत्रा संपून दुसरा भाग सुरू होतो तिथे.

सांध्यांवरची लाडकी चूक म्हणजे बाँडिंग जंपर लांब ठेवणं. शेपटीवरचा एलिव्हेटर किंवा पंखावरचा एलेरॉन हा हलता भाग बिजागरीवर फिरतो, म्हणून त्याला विणलेल्या तारेच्या पट्टीने मुख्य रचनेशी जोडतात. मूळ पट्टी तुटली, हातात लांब पट्टी आली, की 'असू दे, सैल राहील' म्हणत ती वेटोळं घालून बसवली जाते. मीटर लावला तर रीडिंग उत्तम येतं आणि सही होते.

इथे मीटर फसवतो. 6 चौरस मिलिमीटर तांब्याची 20 सेंटिमीटर पट्टी साधारण 0.6 मिलिओहम दाखवेल आणि 60 सेंटिमीटरची 1.7. मर्यादा 2.5 मिलिओहम असेल तर दोन्ही पास. पण विजेला रोधापेक्षा इंडक्टन्स जास्त अडवतो आणि तो मीटरभर तारेला ढोबळमानाने 1 मायक्रोहेन्री असतो. पट्टीच्या वाट्याला आलेला प्रवाह सेकंदाला 10,00,00,00,000 अँपिअर या वेगाने चढत असेल, तर 20 सेंटिमीटरवर 2,000 व्होल्ट उभे राहतात आणि 60 सेंटिमीटरवर 6,000. वेटोळं असेल तर आणखी जास्त. मग वीज पट्टी सोडून बिजागरीच्या बेअरिंगमधून उडी मारते आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. तो भाग हाताने हलवला की खरखर जाणवते. शिवाय तीव्र मोडलेल्या पट्टीला चुंबकीय बल हिसका देऊन फाडतं.

म्हणून मॅन्युअलमध्ये असेल तेवढ्याच लांबीची पट्टी. भाग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. ताण येत नसेल, तर त्याहून एक बोटही जास्त सैलपणा नको. टर्मिनलखालचा रंग, प्रायमर आणि अ‍ॅनोडायझिंग उघड्या धातूपर्यंत काढायचं, तेही स्टील वूलने नाही, कारण त्याचे कण अडकतात आणि तिथे गंज धरतो. सॉल्व्हंटने पुसा, लगेच जोडा, टॉर्क द्या, मोजा आणि त्यानंतरच सीलंट लावा. आधी सीलंट आणि मग मोजमाप करणाऱ्यांना मोजायचं नसतं, उरकायचं असतं. मोजायला चार तारांचा मिलिओहममीटरच हवा. साध्या मल्टिमीटरच्या लीडचाच रोध मर्यादेच्या शंभरपट निघू शकतो. टाकीजवळ मोजत असाल तर स्फोटक वाफेत वापरायला मंजूर असलेलाच मीटर घ्या.

दुसरी चूक वीज पडून गेल्यावरच्या तपासणीतली. नाकाजवळ एक काळा डाग सापडला की लोक आनंदाने वही बंद करतात. शिरण्याची जागा मिळाली, निघण्याची कुठे आहे? आणि मधल्या जागा? विजेचा प्रवाहमार्ग हवेत जवळजवळ जागच्या जागी असतो आणि विमान त्यातून पुढे सरकतं. 250 नॉटने, म्हणजे सेकंदाला सुमारे 130 मीटर वेगाने जाणारं विमान अर्ध्या सेकंदात 65 मीटर जातं. ए320 ची लांबी 38 मीटरच्याही आत आहे. म्हणजे नाकावर पडलेली वीज पोटावरून टप्पे घेत शेपटीपर्यंत पोचू शकते. तांदळाच्या दाण्याएवढे खड्डे, काळवंडलेली रिव्हेटची डोकी, असे माग एका ओळीत सापडतात. टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा, प्रत्येक खुणेला टेप लावा आणि आकृतीवर नोंदवा. ओळ मध्येच तुटत असेल तर शोध अपुरा आहे. नंतर रेडिओ, इंधनमापक आणि स्टँडबाय कंपास तपासा. जवळचं पोलाद चुंबकीय झालं की कंपास चुकतो.

कार्बन फायबरची विद्युतरोधकता अ‍ॅल्युमिनियमच्या हजारपटीहून जास्त असते, म्हणून त्याच्या पृष्ठभागाखाली तांब्याची जाळी असते. ठिगळ लावताना नवी जाळी जुन्या जाळीवर मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने चढलीच पाहिजे, नाहीतर मजबूत ठिगळही विजेसाठी भोकच ठरतं. वर रंगाचे थर चढवत बसू नका. जाड रंगामुळे विजेचा पाय एकाच जागी खिळतो आणि जखम खोल होते. वरून बारीकसा फोड, आत थर सुटलेले, असं होतं. जाड लॅमिनेटवर नाणं वाजवून काही कळत नाही, अल्ट्रासाउंड करा.

रेडोमवरच्या, म्हणजे नाकातल्या रडारच्या टोपीवरच्या, विजेला वाट देणाऱ्या डायव्हर्टर पट्ट्या रंगवू नका.

वायरिंगच्या शील्डची, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या विणलेल्या आवरणाची, शेपटी पिळून लांब तारेने जोडू नका. खिडक्या आणि सांध्यांतून आत आलेलं चुंबकीय क्षेत्र तारांत व्होल्टेज निर्माण करतं, आणि जंपरचाच हिशेब इथेही लागतो: लांब शेपटी म्हणजे जास्त व्होल्ट. शील्ड कनेक्टरच्या मागच्या धातूच्या कवचाला, म्हणजे बॅकशेलला, चहूबाजूंनी टेकलेलं हवं.