रिझ्युमे हातात आला की आधी हे ठरवा: तपासायचा, जॉबप्रमाणे वळवायचा की नुसता फॉरमॅट नीट करायचा

कोणीतरी रिझ्युमे अपलोड करतं आणि खाली एवढंच लिहितं, "जरा बघून घ्या ना प्लीज." आता बघून नक्की काय करायचं? रिव्ह्यू हवा असेल तर मी फाईलला हात न लावता काय पटतंय, काय पटत नाही ते लिहून देणार. टेलरिंग म्हणजे एका ठरावीक जॉबसाठी ओळींचा क्रम आणि शब्द बदलायचे. आणि फॉरमॅटिंग असेल तर मजकुराचा एक शब्दही बदलायचा नाही, फक्त मांडणी. तिन्ही कामं वेगळी, लागणारा वेळ वेगळा, आणि चुकीचं काम करून पाठवलं की समोरचा थँक्यू म्हणतो आणि ती फाईल कधीच वापरत नाही.

यावर सगळीकडे एकच सल्ला सापडतो, "सरळ विचारा ना त्यांना काय हवंय." विचारा की, पण उत्तरावर जाऊ नका. दहातले बरेच जण "फक्त फॉरमॅट नीट करून द्या" म्हणतात, कारण आपल्या रिझ्युमेत आपल्याला दिसतं ते तेवढंच. आपली वाक्यं पोकळ आहेत हे लिहिणाऱ्याला दिसत नसतं, वाकडी झालेली तारीख मात्र दिसते. म्हणून आधी फाईल वाचून स्वतः अंदाज बांधा आणि मग विचारा.

पहिलं काम: मेसेज आणि फाईल

हे मिनिटभराचं आहे. वर्ड फाईल आली असेल तर बहुतेक बदल करून परत हवीये, नुसती पीडीएफ आली असेल तर मत हवं असण्याची शक्यता जास्त. फाईलच्या नावात पोस्टचं किंवा कंपनीचं नाव असेल तर त्याने स्वतः आधीच टेलरिंग करून बघितलंय. `Resume_final_final2.docx` असं काही असेल तर माणूस त्याच मजकुरात फिरून फिरून दमलाय, त्याला बाहेरचा डोळा हवाय. आणि पीडीएफमधला मजकूर सिलेक्टच होत नसेल तर ते स्कॅन किंवा फोटो आहे, मग बाकी काहीही ठरलं तरी आधी ते टाईप करून घ्यावं लागणार.

दुसरं काम: मजकूर उघडा करून वाचा

फाईल उघडा, `Ctrl+A`, `Ctrl+C`, आणि नोटपॅडमध्ये पेस्ट. बोल्ड, रंग, रेघा सगळं गळून जातं आणि जे उरतं तोच खरा रिझ्युमे. दोन कॉलमचा टेम्प्लेट असेल तर इथे डावीकडची स्किल्स उजवीकडच्या अनुभवात घुसलेली दिसू शकतात. वर्डमध्ये फोन नंबर आणि ईमेल हेडरमध्ये टाकला असेल तर तो पेस्टमध्ये येतच नाही, टेक्स्ट बॉक्समधल्या मजकुराचंही बऱ्याचदा तसंच होतं. अर्ज वाचणारी काही सॉफ्टवेअरं अशाच ठिकाणी अडखळतात, त्यामुळे हे नुसतं दिसण्यापुरतं नाहीये.

आता नोटपॅडमधला मजकूर वाचा. क्रम बिघडलाय पण एकेक वाक्य वाचताना माणसाने काय काम केलंय ते डोळ्यांसमोर येतंय, तर फॉरमॅटिंगची केस. इथेही वाक्यं मेलेलीच असतील तर कितीही छान टेम्प्लेट लावा, काही होणार नाही.

तिसरं काम: सोबत जेडी, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, आली असेल तर

खरी गोची इथे आहे. जेडी जोडलीये म्हणजे टेलरिंगच हवं असं सगळे धरून चालतात, मीही बराच काळ तसंच करायचो आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ जायचा. जेडी आली म्हणजे फक्त एवढंच कळलं की अर्ज कुठे करायचाय. रिझ्युमे वळवण्यालायक आहे की नाही हे जेडी सांगत नाही, ते तुम्हाला काढावं लागतं.

मी असं करतो. जेडीतल्या खऱ्या अटी निवडतो, पाच-सहा पुरतात. "उत्तम कम्युनिकेशन", "टीम प्लेयर" वगैरे सोडून द्यायचं, ते सगळ्याच जाहिरातीत असतं. मग प्रत्येक अट घेऊन रिझ्युमेत शोधायचं आणि समोर चारपैकी एक शब्द लिहायचा: दिसतं, दडलंय, पोकळ किंवा नाही. दडलंय म्हणजे काम केलेलं आहे, पुरावाही आहे, पण दुसऱ्याच नावाने किंवा दुसऱ्या पानावर तळाशी. पोकळ म्हणजे शब्द आहे पण त्यामागे काही नाही, "रिस्पॉन्सिबल फॉर अमुक" टाईप.

दडलेलं जास्त निघालं तर टेलरिंग. पोकळ जास्त निघालं तर आधी रिव्ह्यू, जेडी बाजूला ठेवा. नाही नाही नाही असंच येत गेलं तर यातलं कुठलंच काम नाहीये, माणूस चुकीच्या जॉबला अर्ज करतोय आणि ते त्याला नीट शब्दांत सांगायला हवं.

एक केस घेऊ म्हणजे कळेल. अकाउंट्समध्ये चार वर्षं काम केलेली एक मुलगी, दोन पानांची वर्ड फाईल, दोन कॉलम, सोबत अकाउंट्स पेएबलच्या, म्हणजे व्हेंडरची बिलं तपासून पैसे चुकते करायच्या पोस्टची जेडी आणि मेसेज, "ह्या जॉबसाठी आहे, फॉरमॅट नीट करून द्याल का?" जेडीतून सहा अटी निघाल्या. थ्री-वे मॅच, म्हणजे बिल, पर्चेस ऑर्डर आणि माल आल्याची नोंद हे तिन्ही ताडून मगच पेमेंट सोडायचं. शिवाय व्हेंडर रिकन्सिलिएशन, म्हणजे व्हेंडरचा हिशोब आपल्या हिशोबाशी जुळवणं, मंथ एंड क्लोजिंग, ईआरपी म्हणजे कंपनीचे व्यवहार ज्यात नोंदवतात ते सॉफ्टवेअर, एक्सेल आणि टीम हँडलिंग.

ईआरपी पहिल्याच पानावर होतं, कुठलं मॉड्यूल आणि त्यात काय करायची तेही लिहिलेलं, म्हणजे दिसतं. थ्री-वे मॅच हे शब्द कुठेच नव्हते, पण दुसऱ्या पानावर चौथ्या बुलेटमध्ये "पीओ आणि जीआरएन चेक करून बिल पासिंग" होतं. पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डर, जीआरएन म्हणजे माल आल्याची नोंद, तेच की काम! दडलंय. रिकन्सिलिएशनच्या जागी "पार्टी लेजर टॅली करणे" होतं, तेही दडलंय. मंथ एंडला "हेल्प्ड इन मंथ एंड ॲक्टिव्हिटीज", पोकळ. एक्सेल फक्त स्किल्सच्या यादीत, पुढे "ॲडव्हान्स्ड" लावलेलं, पोकळ. टीम हँडलिंग नाही.

तर तिने मागितलं होतं फॉरमॅट, जेडीकडे बघून वाटत होतं टेलरिंग, आणि निघालं काय तर टेलरिंगच, पण दोन ओळींचा रिव्ह्यू केल्याशिवाय ते पुढे सरकणार नव्हतं. म्हणून तिला दोनच प्रश्न विचारले, मंथ एंडला तू स्वतःच्या हाताने काय करायचीस आणि एक्सेलमध्ये शेवटचं काय बनवलंस. उत्तर आलं की ज्या खर्चांची बिलं महिना संपेपर्यंत येत नाहीत त्यांच्या प्रोव्हिजन एंट्री ती टाकायची आणि पुढच्या महिन्यात रिव्हर्स करायची, आणि कुठल्या व्हेंडरचे पैसे किती दिवसांपासून थकलेत त्याचा एजिंग रिपोर्ट पिव्हट टेबल लावून दर आठवड्याला काढायची. एवढं सगळं असताना तिने लिहिलं होतं "हेल्प्ड"! टीम हँडलिंगचा रकाना मात्र रिकामाच ठेवायचा. तिथे लोक "गाईडेड ज्युनिअर्स" वगैरे घुसडतात, पहिल्याच प्रश्नाला इंटरव्ह्यूत उघडे पडतात, आणि ते तुम्ही लिहून दिलेलं असतं.

एक उलटा प्रकारही सांगून ठेवतो कारण तो हमखास फसवतो. जेडीतले सगळे शब्द रिझ्युमेत सापडतात, किती टक्के जुळलं ते दाखवणारं कुठलंतरी टूल खूश होतं, आणि आपल्याला वाटतं चला, टेलरिंग झालेलंय, आता फक्त फॉरमॅट. थांबा. ते शब्द आहेत कुठे ते बघा. सगळे वरच्या समरीत आणि स्किल्समध्ये गोळा झालेत आणि खाली अनुभवात त्यांचा मागमूस नाही, किंवा जेडीतलं वाक्य जसंच्या तसं उचललंय आणि आजूबाजूच्या वाक्यांशी त्याची भाषाच जुळत नाही, तर ही रिव्ह्यूची केस आहे. शब्द मोजून काही कळत नाही, कुठल्या कामाला चिकटलाय ते बघावं लागतं.

जेडी नसेल पण समरी एका क्षेत्राची आणि अनुभव दुसऱ्याच क्षेत्राचा असेल, तर टेलरिंगच हवंय पण कशासाठी ते सांगायचं राहिलंय. एक जेडी मागून घ्या, त्याशिवाय सुरू करू नका.

"एका पानात बसवून द्या"

हे ऐकायला फॉरमॅटिंग वाटतं, आणि मजकूर पाच-सात ओळी बाहेर जात असेल तर आहेही. मार्जिन थोडी कमी करा, फॉन्ट 11 चा 10 करा, रिकाम्या ओळी काढा, बसतं. पण अर्धं पान बाहेर जात असेल तर काहीतरी कापावं लागणार, आणि काय कापायचं हे ठरवणं म्हणजे फॉरमॅटिंग नाही. कुठल्या जॉबसाठी ते माहीत असेल तर टेलरिंग, नसेल तर रिव्ह्यू. फॉन्ट 8 करून बसवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

मग विचारा, पण एकदाच

"तुम्हाला काय हवंय?" असं मोकळं विचारू नका, तुमचा अंदाज सांगून विचारा. त्या मुलीला मी लिहिलं होतं, "फॉरमॅट करतोच, पण तुझं निम्मं काम जेडीत वेगळ्या नावाने आहे, ते आधी वर आणूया आणि दोन ओळी नीट लिहूया, चालेल?" असं विचारलं की हो किंवा नाही येतं, चर्चा लांबत नाही. समोरचा नाही म्हणाला, फक्त फॉरमॅटच हवा म्हणाला, तर फॉरमॅटच करा, रिझ्युमे त्याचा आहे.

दोन-तीन कामं एकत्र निघाली तर फॉरमॅट नेहमी शेवटी. आधी केलात तर पुढे प्रत्येक ओळ बदलली की पान हलणार आणि तेच परत करत बसणार.

आणि फक्त फॉरमॅट ठरलं असेल तर मजकुराला खरंच हात लावायचा नाही. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या दिसतील, स्पेलिंग चुकलेलं दिसेल, हात शिवशिवेल. गुपचूप दुरुस्त करू नका, फाईलसोबत वेगळ्या दोन ओळीत लिहून कळवा. चढलेल्या तारखा कधीकधी बरोबरच असतात, एक नोकरी पार्टटाईम होती एवढंच लिहायचं राहिलेलं असतं.