ब्लॉगची पहिली कमाई: देणगी, सभासदत्व की प्रायोजित लेख?

रोजच्या वाचकसंख्येवरून मार्ग निवडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो कुचकामी आहे. शोधातून आलेला माणूस उत्तर वाचून निघून जातो. पैसे देतो तो परत परत येणारा. त्यामुळे ईमेल यादीतले किती जण दर वेळी दुव्यावर क्लिक करतात ते मोजा. ईमेल उघडल्याच्या आकड्यांवर जाऊ नका, काही मेल ॲप न वाचलेले पत्रही उघडल्याचे दाखवतात.

१. लेखाच्या शेवटी देणगीचे बटण लावा आणि तीन महिने थांबा. पैसे कशासाठी हवेत ते एका ओळीत सांगा. किमान रक्कम फार लहान ठेवू नका. पेमेंट गेटवे प्रत्येक व्यवहारावर ठरावीक शुल्क घेत असेल, तर लहान देणगीतला मोठा वाटा तिथेच जातो.

२. न मागता दुसऱ्यांदा देणारे दिसू लागले, तरच सभासदत्वाचा विचार करा. मी इथेच फसलो होतो. चारशे जणांच्या यादीच्या भरवशावर मी सभासदत्व सुरू केलं आणि महिन्याला दोन खास लेख कबूल केले. आले नऊ जण. एका लेखाला सहा तास, म्हणजे नऊ माणसांसाठी महिन्याचे बारा तास. तेही चाललं असतं, पण ते तास आले कुठून? खुल्या लेखांतून. महिन्याचे चार खुले लेख दोनवर आले, नवे वाचक आटले. पाचव्या महिन्यात तिघे गेले, आणि त्यांच्या जागी येणार कोण? खास लेख तर बाहेरच्या कुणाला दिसतच नव्हते.

वर मी वार्षिक वर्गणी घेऊन पहिल्याच महिन्यात खर्चून टाकली होती. बंद करताना उरलेल्या महिन्यांचे पैसे खिशातून परत केले. आगाऊ घेतलेली वर्गणी ही कमाई नसते, देणं असतं. दर महिन्याला तिचा बारावा भागच आपला धरा. सुरुवातीला तर मासिक वर्गणीच बरी.

म्हणून नवं लेखन विकू नका. जे आधीच करता त्यातलंच काही द्या: लेख दोन दिवस आधी, कच्च्या नोंदी, किंवा पुढचा विषय सुचवण्याचा हक्क. तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर वचन मोडेल का, हे स्वतःला विचारा. मोडणार असेल तर ते वचन देऊच नका.

३. प्रायोजित लेख सगळ्यात शेवटी. मोजके पण एकाच विषयाचे वाचक असतील, तर दर बरा मिळतो. 'प्रायोजित' हा शब्द शीर्षकाखालीच हवा आणि दुव्याच्या HTML कोडमध्ये `rel="sponsored"` ही खूण लावायची. गूगलने ती २०१९ मध्ये आणली. पैसे घेऊन दिलेला दुवा तसाच सोडला तर शोधातलं स्थान घसरू शकतं. ही खूण लावू नका, असं म्हणणाऱ्याला तुमचे वाचक नकोच असतात, फक्त दुवा हवा असतो. त्याला उत्तरही देऊ नका.