सभेचं बोलणं विषयपत्रिकेच्या क्रमाने लावताना या चुका टाळा

कोथरूडच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभांची रेकॉर्डिंग्ज मी उतरवून देतो. सभा विषयपत्रिकेप्रमाणे चालत नाहीच. हिशेबावर बोलता बोलता गाडी पार्किंगवर जाते, तिथून गच्चीच्या गळतीवर. ते सगळं छापील क्रमाने लावायचं काम हल्ली नवी मुलं घेतात आणि पहिल्याच पानापासून कट-पेस्ट सुरू करतात. तिथेच घात होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाक्य कुठल्या चर्चेत आलं ते बघून त्याची जागा ठरवणं. हे मीही करून बसलोय. एका सभेत विषय ५ रंगकामाचा होता, विषय ७ लिफ्टचा. लिफ्टवाल्याला लवकर जायचं होतं म्हणून ७ आधी घेतला आणि ५८व्या ओळीवर चार लाख मंजूर झाले. पुढे रंगाचे दर ऐकून सगळे हबकले, तेव्हा ११२व्या ओळीवर खजिनदार म्हणाले, "मग मघाचं ते तीनच धरा." कुणी हरकत घेतली नाही. चर्चा रंगाची, म्हणून ओळ मी ५ खाली टाकली. झालं, रंगकाम तीन लाखांचं आणि लिफ्ट चारचीच! लिफ्टचं बिल आलं तेव्हा ही भानगड उघडी पडली आणि तासभर मला ऐकून घ्यावं लागलं.

तेव्हापासून आधी फक्त वाचतो. मूळ प्रत बाजूला ठेवून दुसऱ्या प्रतीत प्रत्येक बोलण्याला अनुक्रमांक देतो, शेजारी विषयाचा क्रमांक. मग 'ते', 'तेवढं', 'मघाशी', 'तसंच' हे शब्द शोधतो. ओळ हलली की हेच शब्द लटकतात. जिथे लटकतील तिथे चौकटी कंसात नाम घालतो: "मग मघाचं ते [लिफ्टचं] तीनच धरा." अशी ओळ ७ खाली जाते, ५ मध्ये नुसता "ओळ ११२ पाहा" एवढा उल्लेख. एकाच वाक्यात दोन विषय असतील तर ते तोडत नाही. दोन्हीकडे पूर्ण ठेवतो आणि दुसरीकडे 'पुनरुक्ती' लिहितो.

एक्सेलमध्ये लावताना आधी विषय, मग अनुक्रमांक. वेळेवर लावू नका: वेळ मजकूर म्हणून भरली असेल तर 10:05 हे 9:40 च्या आधी येतं, आणि नामंजूर झालेली सूचना मंजुरीनंतर बसते.

चर्चाच न झालेला विषय गाळू नका, क्रमांक ठेवून "चर्चा झाली नाही" लिहा.

सूचक-अनुमोदकांची नावं ठरावापासून तोडू नका.

आणि 'आयत्या वेळचे विषय' ही अडगळीची खोली नव्हे. समजलं नाही ते तिथे कोंबण्याची सवय मला फार खुपते. समजलं नसेल तर चिटणीसांना फोन करा, दुपारी एक ते चार सोडून.