छोट्या व्हर्च्युअल मशीनचे मोठे परवाना बिल

एसक्यूएल सर्व्हरच्या कोअर-परवान्यात प्रत्येक व्हर्च्युअल मशीनसाठी किमान ४ कोअर मोजावे लागतात, मग मशीन २ व्हीसीपीयूचेच का असेना. म्हणून सातपूरच्या एखाद्या कारखान्याने अझ्युअरवर अशी २० मशीन एंटरप्राइझ आवृत्तीने चालवली, तर ८० कोअरचे परवाने लागतील. तीच मशीन ४० भौतिक कोअरच्या डेडिकेटेड होस्टवर, म्हणजे एकाच ग्राहकासाठी राखीव भौतिक सर्व्हरवर, हलवून सर्व कोअरना सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स या मायक्रोसॉफ्टच्या सशुल्क देखभाल योजनेसह एंटरप्राइझ परवाने घेतल्यास, त्या होस्टवर कितीही मशीन चालवता येतात. मात्र होस्टचे पूर्ण भाडे, तो रिकामा असला तरी, द्यावे लागते. शिवाय विंडोज सर्व्हरच्या परवान्यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. स्टँडर्ड आवृत्ती पुरेशी असेल तर होस्टचा आग्रह धरू नये, आधी छोटे डेटाबेस एकाच मशीनवर एकत्र करावेत.