एकच शेण, चार तक्ते: एकात्मिक शेतीवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

इंदूरच्या कृषी महाविद्यालयात किंवा आपल्या ग्वाल्हेरच्या विद्यापीठाखालच्या दुसऱ्या कुठल्या कॉलेजात एम.एस्सी.ला 'पीक, पशुधन आणि मत्स्य यांची एकात्मिक पद्धती' असा विषय गळ्यात पडला असेल, तर हे तुमच्यासाठी. आकृती तुम्हाला पाठ असणार: गाय, तळं, शेत आणि त्यांना जोडणारे गोल फिरणारे बाण. परीक्षेत तिच्यावर मार्क मिळतात. प्रबंधाला मात्र प्रत्येक बाणावर किलो लिहावे लागतात, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. माझंही अडलं होतं.

देपालपूर किंवा सांवेरकडचं एक हेक्टरचं शेत घ्या. ०.८ हेक्टरवर सोयाबीन आणि नंतर गहू, दहा गुंठ्यांत चारा, दहा गुंठ्यांत तळं, गोठ्यात दोन संकरित गायी. एका गायीचं रोजचं शेण सरासरी १२ किलो धरा. वर्षाला दोघींचं पावणेनऊ टन होतं. पण चरताना पडलेलं, तुडवलेलं, पावसात वाहून गेलेलं वजा जाता हाताशी लागतं सुमारे ७ टन. ताज्या शेणात नत्र साधारण ०.३ टक्के असतं, म्हणजे वर्षाचं नत्र २१ किलो.

आता चार तक्ते बनतात. गोबर गॅसच्या तक्त्यात ७ टन शेण जातं. गांडूळ खताच्या तक्त्यात पुन्हा तेच ७ टन. तळ्याला हेक्टरी वर्षाला १५ टनांची शिफारस, म्हणून आपल्या तळ्याच्या तक्त्यात दीड टन. आणि शेतात घातलेल्या शेणखताच्या तक्त्यात परत सगळं. प्रत्येक तक्ता एकेकटा वाचला तर बिनचूक. चारही एकत्र केले की त्या दोन गायींनी बावीस-तेवीस टन शेण दिलेलं असतं! 'पुनर्चक्रित पोषकद्रव्ये' या स्तंभाखालचा भारदस्त आकडा अनेकदा इथूनच येतो, आणि तो इतका छान दिसतो की तपासावासा कुणालाच वाटत नाही.

हे सुटं करून सांगतो, कारण यातला एक भाग चूक नाही. शेण आधी गॅसच्या टाकीत गेलं आणि मग स्लरी शेतात गेली, तर दोन्ही फायदे खरे आहेत. गॅसमध्ये मुख्यतः कार्बन जातो, नत्र जवळपास सगळं स्लरीत उरतं. म्हणून पैशाच्या हिशेबात गॅसची किंमत वेगळी धरा आणि स्लरीची वेगळी. नत्राच्या हिशेबात मात्र ते २१ किलो एकदाच येतील. स्लरीचा जो डबा तळ्यात ओतला तो शेतात गेलेला नाही. दीड टन शेण तळ्याला दिलं तर साडेचार किलो नत्र तिकडे गेलं आणि बाकी सगळ्याला मिळून साडेसोळा उरलं. एवढीच वजाबाकी आहे, पण चार वह्या चार ठिकाणी असल्या की ती होत नाही.

रुपयांतही तोच घोळ होतो. दुग्धव्यवसायाच्या खात्यात शेणाची किंमत उत्पन्न म्हणून लावली, तर पिकाच्या खात्यात तीच रक्कम खर्च म्हणून लागली पाहिजे. संपूर्ण शेताच्या बेरजेत ती शून्य होते. उरते फक्त खताच्या दुकानात वाचलेली रक्कम. ती किती? २१ किलो नत्र म्हणजे युरियाची ४५ किलोची एक गोणी, २६६ रुपये ५० पैसे. दोन गायींचं वर्षभराचं शेण, फक्त नत्र धरलं तर एक गोणी. स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब यांचं मोल वेगळं आहे आणि ते जरूर लावा. पण शेणामुळे रासायनिक नत्राची गरज संपली, असं दहा ओळींत लिहून मोकळं होऊ नका. एकटा गहूच दाण्यातून या शेतावरून साठ-सत्तर किलो नत्र घेऊन जातो.

यावर एक खात्रीचा उपाय आहे. शेताचं कुंपण कागदावर काढा आणि फक्त त्यावरून आत-बाहेर जाणाऱ्या वस्तू लिहा. आत येतं खत, कपाशीची खली, कोंडा, मत्स्यबीज, आणि सोयाबीनच्या गाठींनी हवेतून घेतलेलं नत्र. बाहेर जातं धान्य, दूध, मासे. आतल्या फिरण्याला स्वतंत्र पान ठेवा. हे केलं की एक गोष्ट बहुधा दिसते: शेतात 'वाढलेलं' नत्र बरंचसं बाजारातून आणलेल्या खलीचं असतं. गाय पोषकद्रव्यं तयार करत नाही, ती त्यांची जागा बदलते. खली विकत आणणं वाईट नाही, फक्त त्याला पुनर्चक्रण म्हणू नका.

तळ्याला हाच प्रश्न विचारा. दहा गुंठ्यांत कटला, रोहू, मृगळ मिळून २५० किलो मासळी निघाली असं समजू. माशाच्या ओल्या वजनात नत्र अडीच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वासहा किलो नत्र बाहेर गेलं. तुम्ही शेणातून दिलं साडेचार, आणि दिलेल्यातलं साधारण पाव भागच माशाच्या अंगी लागतं. मग बाकीचं कुठून आलं? एकतर कोंडा-खली दिली आणि नोंदली नाही, किंवा वरच्या शेतातून खत धुऊन आलं, किंवा वजनाचा आकडा ऐकीव आहे. उलट बाजूने, माशाने न घेतलेलं बरंचसं तळाच्या गाळात बसतं. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकला तर चक्र पूर्ण झालं. नाही टाकला तर तुमच्या आकृतीतला तो बाण खोडा.

'शेण जास्त, मासे जास्त' हे सूत्र मात्र विसराच. पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसत नसेल तर शेण थांबवायचं. ढगाळ दिवसांत तर घालायचंच नाही, कारण रात्रभर शेवाळ आणि कुजणारं शेण मिळून प्राणवायू खातात आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात. तसे दिसले तर तासाभरात पंप लावून पाणी ढवळावं लागतं. दुपारी गेलात तर सगळं आलबेल वाटतं, म्हणून भेट पहाटेची ठेवा. झोप जाते, पण काही दिवसांत सवय होते.

आणि गोमूत्र. याच्याकडे कुणी बघतच नाही. गायीमागे रोज ८ लिटर आणि नत्र पाऊण टक्का धरलं तरी दोघींचं वर्षाला ४४ किलो होतं, म्हणजे शेणातल्याच्या दुप्पट. ते मातीच्या गोठ्यात मुरतं किंवा अमोनिया होऊन उडतं. इंदूरच्या कॅम्पसमध्येच १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' बसवली. त्यांच्या ढिगात गोठ्यातली मूत्र शोषलेली माती हा ठरलेला घटक होता. आपण हॉवर्डचं नाव प्रस्तावनेत घेतो आणि गोठ्यात नाली करत नाही. नव्या शेतकऱ्याला पहिला सल्ला तळ्याचा द्यायच्या ऐवजी पक्क्या उताराच्या गोठ्याचा आणि टाकीचा द्या, असं माझं ठाम मत आहे. प्रात्यक्षिकाच्या फोटोत नाली चांगली दिसत नाही, म्हणून कुणी देत नाही.

आता उत्पन्नाचं स्थैर्य. इथे शेणाच्या जागी पाणी येतं, पण गोष्ट तीच. 'व्यवसाय जास्त तितकी जोखीम कमी' हे वाक्य तेव्हाच खरं असतं, जेव्हा ते व्यवसाय वेगवेगळ्या कारणांनी बुडतात. माळव्यात सोयाबीन, गहू आणि मासे एकाच पावसावर टांगलेले आहेत.

समजावण्यापुरते आकडे घेतो, हजार रुपयांत, चार वर्षांचे, तिसरं वर्ष दुष्काळी. पिकं: ७०, ७५, ३०, ६५. मासे: २०, २२, ४, १८. दूध: ४०, ४२, ३६, ४२. स्थैर्याचा निर्देशांक तुम्हाला माहीत आहे, सरासरीतून नमुन्याचं प्रमाण विचलन वजा करून कमाल उत्पन्नाने भागायचं. नुसत्या पिकांचा येतो ०.५३. मासे जोडले की सरासरी ६० वरून ७६ होते, पण निर्देशांक ०.४९ वर घसरतो. मासे काढून दूध जोडलं तर ०.६६. तिन्ही एकत्र ०.६१. म्हणजे माशांनी उत्पन्न वाढवलं आणि स्थैर्य घटवलं. हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत आणि दोन्ही लिहायचे. 'सरांना सकारात्मक निकाल हवाय' म्हणून फक्त सरासरी छापणाऱ्यांचे प्रबंध मी वाचले आहेत. अशा मार्गदर्शकाने तयार एक्सेल दिली तर आभार मानून घ्या आणि प्रत्येक सूत्र उघडून बघा.

घाबरू नका, तळं वाईट नाही. त्याच्या पाण्याचा हिशेब एकदाच करा, एवढंच. ४० बाय २५ मीटर, ३ मीटर खोल, दीडास एक उताराच्या तळ्यात सुमारे २२०० घनमीटर पाणी मावतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी साधारण ५०० उडून जातं. माशांसाठी तळाशी मीटरभर पाणी ठेवायचं तर ५७० अडकलं. उरलं ११३०. ०.८ हेक्टर गव्हाला ६ सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे ४८०. म्हणजे दोन पाणी, चार नव्हे. झिरप यात धरलेलीच नाही. काळ्या मातीचा थर संपून मुरूम लागेपर्यंत खोदलं असेल तर हिशेबाआधी तळं गळतं.

देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी खोदलेली तळी ही रब्बीच्या सिंचनासाठी होती, हे लक्षात ठेवा. अशा तळ्यात मासे पाहुणे असतात. जानेवारीत शेतकरी तुम्हाला विचारेल, "भैया, पाणी गव्हाला देऊ की माशांना?" उत्तर जवळजवळ नेहमी गहू हेच असतं आणि ते शहाणपणाचं असतं. म्हणून जुलैत बोटाएवढं बीज न सोडता शंभरेक ग्रॅमचं, वर्षभर दाटीत वाढवलेलं बीज सोडा आणि गव्हाच्या शेवटच्या पाण्याआधी मासे काढा. बीज महाग पडतं, संख्या कमी लागते, आणि दुष्काळी वर्षीही थोडं तरी हाती लागतं.

तळ्यात पहिल्याच दिवशी सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू रोवा आणि दर आठवड्याला पातळी लिहा. मोजणी चालू झाल्यावर आधीची पातळी कुणालाच आठवत नाही, आणि 'अंदाजे दोन मीटर' या उत्तरावर पाण्याचा तक्ता उभा राहत नाही.